वहीचं एक पान

मी हिशेबनीस आहे. बिलबुक नाही, संगणक नाही, तर तो धंदाच नव्हे, असं मी कित्येक वर्षं मानत आलो. हिशेब न ठेवणाऱ्या दुकानदाराला मी आळशी समजायचो. आज त्याची लाज वाटते.

मुलुंड पूर्वेला एक ताई पोळी-भाजी केंद्र चालवतात. त्यांना मी मोबाइलवर हिशेबाचं अ‍ॅप घालून दिलं होतं. संध्याकाळी काउंटरवर रांग, हात पिठाचे. प्रत्येक विक्री नोंदवणार कोण? अ‍ॅप बंद पडलं आणि मी दोष ताईंनाच दिला. त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, दुकान बंद केल्यावर एकदाच लिहिलं तर नाही का चालणार?"

चालतं. दिवसाची विक्री उलट्या बाजूनंही काढता येते. वहीच्या एका पानावर सकाळचा गल्ला, गल्ल्यातून गेलेले पैसे, रात्री मोजलेला गल्ला, यूपीआयची जमा आणि नावासकट उधारी लिहायची. यूपीआय वेगळं, कारण ते पैसे गल्ल्यात येतच नाहीत. जुनी उधारी वसूल झाली असेल, तर ती विक्रीतून वजा करायची.

पहिल्या दिवशी सकाळी गल्ल्यात १,००० रुपये होते. भाजीवाल्याला १,४०० दिले, घरखर्चाला ५०० काढले, रात्री २,९०० उरले. म्हणजे रोख विक्री ३,८००. यूपीआय १,८००, उधारी २००. एकूण ५,८००.

मग मालावरून पडताळा घेतला. किलोला चाळीस पोळ्या धरल्या, तर ८ किलो पिठाच्या ३२०. दहा रुपयांप्रमाणे ३,२००. भाजीचे ५० रुपयांचे ६० डबे, म्हणजे ३,०००. यायला हवे होते ६,२००. चारशे रुपये कमी.

ताईंना काउंटरवरच्या मुलाचा संशय आला. खरं सांगतो, मलाही आला. दुसऱ्या रात्री शटर ओढण्याआधी उरलेल्या पोळ्या मोजल्या. अडतीस भरल्या. त्या रोजच उरत, पोळ्या लाटणाऱ्या बायका घरी नेत, आणि त्यात लपवण्यासारखं काही नसल्यामुळे कुणी लिहीतही नसे. तो मुलगा समोरच काउंटर पुसत होता. मला त्याच्याकडे बघवेना. किती विकलं, एवढंच मी आजवर विचारत आलो होतो. किती उरलं, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. 'उरलं' हा रकाना पानावर त्या रात्री आला.

या पानावरून नफा कळत नाही. भाडं, गॅस, वीज, पगार यांचं पान महिनाअखेरीला वेगळं मांडावं लागतं. आणि फरक रोज शून्यच येऊ लागला, तर आकडे जुळवून लिहिले जात आहेत असं समजावं. ताईंच्या पानावर आजही दहा-वीस रुपयांचा फरक येतो. पीठ मात्र त्या आता सातच किलो भिजवतात.