पैसे आत्ता कुठे आहेत?

एका पेमेंट ॲपमधला हा मजकूर माझ्याकडे दुरुस्तीला आला होता:

```
व्यवहार अयशस्वी झाला.
U68: Credit TimeOut
असुविधेबद्दल क्षमस्व. कृपया थोड्या वेळाने
पुन्हा प्रयत्न करा.
```

ॲपच्या पडद्यावर दिसणारे संदेश लिहिणं हे माझं काम. शिरगावातल्या घरी बसून मी ते करते. या वेळची सूचना एका ओळीची होती: भाषा सोपी करून द्या. भाषा तशी अवघड नव्हतीच. मधली इंग्रजी ओळ सोडली, तर सगळं वाचता येत होतं आणि क्षमाही मागितलेली होती. दोष असा होता की यातलं पहिलं वाक्य खरं नव्हतं आणि शेवटचं वाक्य माणसाला नुकसानीत घालणारं होतं.

हे कळायला यूपीआयचा व्यवहार आतून कसा चालतो ते पाहावं लागतं. समजा, बोईसरच्या एमआयडीसीत काम करणारा कुणी संध्याकाळी शिरगावला आला आणि त्याने ६०० रुपयांची पापलेटं घेतली. मासळीवालीचा क्यूआर कोड स्कॅन करून त्याने पिन टाकला. त्याच्या ॲपकडून निरोप एनपीसीआयकडे, म्हणजे देशभरातले हे व्यवहार जिथून फिरतात त्या मधल्या यंत्रणेकडे जातो. तिथून त्याच्या बँकेला सांगितलं जातं, याच्या खात्यातून ६०० वजा करा. बँक वजा करते आणि तसं कळवते. मग मासळीवालीच्या बँकेला निरोप जातो, हिच्या खात्यात ६०० जमा करा. तिच्या बँकेकडून ‘जमा केले’ अशी पोच परत आली, की त्याच्या फोनवर हिरवी खूण उमटते.

ही शेवटची पोच ठरलेल्या वेळात आली नाही, की U68 हा कोड येतो. म्हणजे त्याच्या खात्यातून पैसे गेलेले आहेत. तिच्या खात्यात जमा झाले असतील किंवा नसतीलही. बँकेने पैसे जमा केले आणि फक्त पोच वाटेत अडकली, असंही घडतं. त्या क्षणी व्यवहार फसलाही नाही आणि पूर्णही झालेला नाही. त्याचा निकाल अजून लागायचा आहे.

अशा वेळी पडदा सांगतो, ‘पुन्हा प्रयत्न करा’. माणूस तसं करतो. ॲपच्या दृष्टीने तो नवा व्यवहार असतो, त्याला नवा क्रमांक मिळतो आणि पहिल्याशी त्याचा काही संबंध उरत नाही. दुसऱ्या वेळी पैसे पोचतात, पहिल्याची पोचही मागाहून येते, आणि मासळीचे १२०० रुपये झालेले असतात. आता ते जादाचे ६०० बँक आपोआप परत करणार नाही, कारण तिच्या लेखी दोन्ही व्यवहार बिनचूक झाले. ते मागून घ्यावे लागतात.

म्हणून मी शब्दांना हात लावण्याआधी डेव्हलपरला दोन प्रश्न विचारले. या कोडच्या वेळी पैसे आत्ता कुठे आहेत? आणि पुढे आपोआप काय होणार आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ॲपच्या कोडमध्ये सापडत नाही. ते रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पाठवलेले पैसे वजा होऊन जमा झाले नाहीत, तर ते उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी परत आले पाहिजेत. दुकानदार म्हणून नोंदलेल्या खात्याचा व्यवहार असेल आणि त्याच्याकडे खात्री पोचली नसेल, तर ही मुदत पाच दिवसांची. मुदत उलटली, की ग्राहकाला दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजायचे आहेत. त्यातून रविवार किंवा सुट्टी वगळायची नाही.

या माहितीने संदेशाचं रूपच पालटलं. नुसतं ‘काळजी करू नका’ म्हटल्याने कुणी काळजी करायचं थांबत नाही. तारीख कळली, तर माणूस त्या तारखेपर्यंत थांबू शकतो. आणि तारीख माणसाला मोजायला लावायची नाही. ‘१ दिवसात’ असं न लिहिता ॲपनेच हिशेब करून वार आणि तारीख लिहायची. एकाच मासळीबाजारात एकीचा क्यूआर तिच्या साध्या बचत खात्याचा असतो आणि शेजारणीचा दुकानदार म्हणून नोंदवलेला. गिऱ्हाइकाला हा फरक दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही. ॲपला तो माहीत असतो, त्यामुळे योग्य तारीख घालणं हे ॲपचंच काम.

पहिला खर्डा असा झाला:

```
₹६०० तुमच्या खात्यातून गेले आहेत. समोरच्या
बँकेकडून पोच यायची आहे. पुन्हा पैसे पाठवू नका.
पोचले नाहीत, तर मंगळवार, १४ तारखेपर्यंत परत येतील.
```

यात खोटं काही नव्हतं, तरी हा मजकूर फोनवर चालला नाही. अडचण मराठी वाक्याच्या घडणीत होती. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. फोनच्या वरच्या पट्टीत सूचना येते, तेव्हा जागा संपली की उरलेल्या मजकुराऐवजी तीन टिंबं दिसतात. अक्षरं मोठी करून वापरणाऱ्यांच्या फोनवर तर ती फारच लवकर येतात. त्या पट्टीसाठी आम्ही फक्त मधली सूचना घेतली, तेव्हा पडद्यावर दिसलं: ‘₹६०० पुन्हा पाठवू…’ त्यातला ‘नका’ नेमका कापला गेला होता. थांबायला सांगणारा निरोप पुन्हा पाठवायला सांगत होता.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळते. ज्या वाक्यातला नकार गळला तर अर्थ उलटतो, त्या वाक्याच्या आधी नकाराशिवाय तोच अर्थ सांगणारा एक शब्द ठेवायचा. इथे तो शब्द ‘थांबा’. मजकूर कुठेही कापला गेला, तरी ‘थांबा’ शिल्लक राहतो.

दुसरी अडचण संदेश वाचून घेताना कळली. संदेश तपासताना ‘समजलं का?’ असं मी विचारत नाही. त्याला सगळेच हो म्हणतात. शिरगावातल्या ओळखीच्या माणसांना, शेजारच्या किराणा दुकानात, टपरीवर, मी पडदा काही क्षण दाखवते, फोन उलटा ठेवते आणि विचारते: पैसे कुठे आहेत? आता तुम्ही काय कराल? मासळी विकणाऱ्या एका मावशींनी मजकूर वाचला आणि म्हणाल्या, “म्हणजे माझ्याकडे आले?” मी विचारलं, असं का वाटलं? त्या म्हणाल्या, “गेले म्हणतोय ना तो. गेले तर माझ्याकडेच येणार.”

त्यांचं चुकलं नव्हतं. हा संदेश पैसे देणाऱ्याच्या फोनवर येतो खरा, पण देणारा तो लगेच समोर धरतो: हे बघा, गेले. म्हणजे तो घेणारीही वाचते, आणि तिला हवं ते उत्तर मजकुरात नव्हतं. पैसे मिळाले की नाही हे तिने स्वतःच्याच खात्यावर पाहायला हवं, कारण दुसऱ्याच्या पडद्यावर विसंबून माल देणं तिला धोक्याचं आहे. खोटे पडदे दाखवून फसवणारेही असतात. तेव्हा पहिल्याच ओळीत दोन्ही बाजू हव्यात, एकीकडून निघाले आणि दुसरीकडे पोचल्याचं अजून कळलेलं नाही. शेवटी ठरलेला मजकूर हा:

```
थांबा, पुन्हा पैसे पाठवू नका.
₹६०० तुमच्या खात्यातून गेले, पण समोरच्याला
मिळाल्याचं अजून कळलेलं नाही.
मिळाले नाहीत, तर मंगळवार, १४ तारखेपर्यंत
तुमच्या खात्यात परत येतील.

[ स्थिती पाहा ]   [ यूटीआर क्रमांक ]
```

यातून काय गेलं तेही सांगते. क्षमायाचना गेली, कारण त्या घडीला ती जागा अडवते आणि माणसाला काही सांगत नाही. ‘U68’ आम्ही काढून टाकला नाही. तो दुसऱ्या बटणामागे, बारा अंकी यूटीआर क्रमांकाजवळ ठेवला. बँकेत विचारायला जाणाऱ्याला दोन्ही लागतात, रस्त्यावर उभं असलेल्याला लागत नाहीत. लाल फुली जाऊन पिवळं घड्याळ आलं, कारण फुली दिसली की पुढचं कुणी वाचतच नाही. आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण त्या पडद्यावरून काढून टाकलं. खाली हिरवं बटण ठेवून वर ‘पाठवू नका’ लिहिलं, तर बोट बटणाकडेच जातं. हा बदल मजकुराचा नव्हता, त्यासाठी डेव्हलपरला काम करावं लागलं, पण त्याच्याशिवाय मजकुराला अर्थ उरला नसता.

मजकूर लागू पडला का, हे पाहायची एक साधी खूण आहे. हा संदेश दिसल्यावर पुढच्या काही मिनिटांत त्याच माणसाला तीच रक्कम पुन्हा किती जणांनी पाठवली, हे ॲपच्या नोंदींत दिसतं. तो आकडा खाली यायला हवा. आला नाही, तर मजकूर कितीही गोड असो, तो पुन्हा लिहावा लागतो.

हाच मजकूर शेजारच्या कोडला चिकटवायचा मोह होतो, तिथे सांभाळायला हवं. U67 येतो तेव्हा पोच देणाऱ्याच्याच बँकेकडून आलेली नसते. म्हणजे पैसे खात्यातून निघाले की नाही, हेही माहीत नसतं. तिथे ‘गेले’ लिहिणं खोटं ठरेल. तिथली ओळ वेगळी: ‘₹६०० तुमच्या खात्यातून गेले की नाही, हे तुमच्या बँकेकडून अजून कळलेलं नाही.’ थांबायचा सल्ला तोच राहतो. याउलट खात्यात पैसेच कमी असतील, तेव्हाच्या Z9 ला थांबवण्याचं काही कारण नाही. तिथे व्यवहार खरोखरच झालेला नसतो, आणि दुसऱ्या खात्यातून पैसे द्या, असं बेलाशक सांगता येतं. तिन्ही ठिकाणी पूर्वी ‘व्यवहार अयशस्वी’ हेच दोन शब्द होते.

संदेशाच्या हातात नसलेली गोष्टही आहे. मासळी पिशवीत पडलेली, पैसे वाटेत, आणि दोघं समोरासमोर उभे. तिने माल द्यावा की थांबावं, हे कुठलाही मजकूर ठरवू शकत नाही. ओळखीचं गिऱ्हाईक असलं तर ती वहीत लिहून घेते, नसलं तर रोख मागते. दोघांना एकच खरी गोष्ट सारखीच कळावी, इतकंच मजकूर करू शकतो.

शेवटचं काम उरलं होतं ते मुदतीनंतरचं. मंगळवार उलटून गेला आणि पैसे परत आले नाहीत, तरी जुना पडदा ‘मंगळवारपर्यंत परत येतील’ असंच म्हणत राहिला असता. म्हणून बुधवारी सकाळी तो बदलतो: ‘₹६०० कालपर्यंत परत यायला हवे होते. तक्रार नोंदवा. उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी ₹१०० भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.’ खाली एकच बटण, आणि ते दाबलं की यूटीआर क्रमांक, रक्कम, तारीख आधीच भरलेली. माणसाला थांबा म्हणून सांगितलं, तर थांबणं कधी संपवायचं तेही आपणच सांगायला हवं.