चार मिलिलिटर

भाच्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. चार वर्षांचा पोरगा पांढरा कोट दिसताच आपाला बिलगायचा. आपानं अंदाजानं वजन वीस किलो सांगितलं. नर्सनं काट्यावर उभं केलं, तर 16. भूलतज्ज्ञांनी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम धरून 8 मिलिग्रॅम मिडाझोलाम लिहिलं, म्हणजे 4 मिलिलिटर कडू सिरप. ते आत नेण्याच्या अर्धा तास आधी पाजलं. "फार आधी दिलं तर असर उतरतो," ते म्हणाले.

वीस मिनिटांत तो उगाच हसू लागला. खाली उतरायचा हट्ट धरला, पण तोल जातो म्हणून नर्सनं उतरू दिलं नाही. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून ती श्वासाकडे बघत बसली.

दाराशी त्यानं न रडता आपाचा हात सोडला. संध्याकाळी त्याला ते दार आठवत नव्हतं. आपाला अजून आठवतं.