काप नि गोट

मी मुद्रितशोधक आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या ह्रस्व-दीर्घावर जगतोय. दुसऱ्याची चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो आणि घरातही तो फारसा आवरत नाही. हे आधी कबूल करतो, कारण गेल्या कार्तिकात मी आईची एक चूक चारचौघांत सुधारली आणि त्या दिवशी सगळ्यात मोठी चूक माझीच होती.

सुरुवात कॅरमवरून झाली. आई पंचाहत्तरीची. डाव्या कानाला यंत्र आहे, पण ते बहुतेक वेळ डबीतच असतं, कारण त्यातून कुकरची शिटी फार टोचते म्हणे. कॅरममध्ये मात्र तिचं बोट अजून पक्कं. दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी तिने रिबाउंडवर क्वीन घेतली आणि पुढच्याच स्ट्रायकरला कव्हर केली. माझा चौदा वर्षांचा मुलगा पाट सोडून उभा राहिला आणि ओरडला, "आज्जी, तू गोट आहेस! नो कॅप!"

मी शेजारच्या खोलीत प्रुफं बघत होतो. कपाळाला आठी पडली. या पोरांची भाषा मला सहन होत नसे. मराठी वाक्याच्या शेवटी इंग्रजीचं शेपूट, आणि तेही अर्धं तुटलेलं. "नीट बोलायला काय होतं रे?" एवढं तिथूनच म्हटलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. आई काय समजली, हे बघायला मी उठलो नाही.

आई समजली ते असं: "आज्जी, तू गोट नि काप." गोट म्हणजे हातातला, पाटल्यांबरोबर घालायचा गोल, गुळगुळीत सोन्याचा दागिना. काप म्हणजे कानातले. नातू आपल्याला सोन्याची म्हणाला, असा तिने सरळ अर्थ लावला आणि तो मनात जपून ठेवला.

तुळशीचं लग्न झालं आणि पुढच्या रविवारी पुतणीचं केळवण आमच्याकडे होतं. तीस-पस्तीस माणसं. जेवणं होऊन बायका दागिन्यांवर आल्या. नवरीला पाटल्या कुणाच्या, तोडे मोडून नवे करायचे की तेच घालायचे, ठुशी आतेकडून येणार की मामीकडून, असं चाललं होतं. मोठ्या काकूंनी आपले गोट काढून तिला हातात घालून बघायला दिले. मग उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. नवरीचा झाला, जावांचे झाले आणि कुणीतरी आईला म्हणालं, आता तुमचा. आईने आढेवेढे घेतले नाहीत. पदर सावरून म्हणाली,

"श्रीखंडपुरीनं भरलं सगळ्यांचं पोट,
नातू म्हणतो, आजी माझी काप नि गोट!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईने वर खुलासाही केला: "माझ्या मनाचं नाही हं. तोच म्हणाला, कॅरम खेळताना. हातात गोट नसले तरी मीच गोट आहे म्हणे." आणि तिने रिकामं मनगट वर करून दाखवलं.

कोपऱ्यातली पोरं आधी एकमेकांकडे बघत राहिली, मग त्यांना उलगडा झाला आणि हसू फुटलं. ते हसणं वाईट नव्हतं, आता आठवताना कळतं. पण मला तेव्हा ते झोंबलं. व्याही मंडळींपैकी दोघं बसलेली. आईचं हसं होतंय असं वाटलं, की माझं होतंय असं वाटलं, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसरंच. मी म्हणालो, "आई, त्याने दागिना म्हटलेलं नाही. गोट म्हणजे इंग्रजीत बकरी. बकरी म्हणाला तुला तो."

सगळे गप्प झाले. आईने हात खाली घेतला. "असं होय," म्हणाली आणि उठून पानाचा डबा आणायला आत गेली.

त्या रिकाम्या मनगटाबद्दल इथे सांगायला हवं. आईचे गोट होते. चार तोळ्यांची जोडी, तिच्या आजीकडून आलेली. मी पुण्याला शिकायला गेलो त्या वर्षी ते विकले आणि माझी फी आणि खोलीचं डिपॉझिट भागलं. तिने तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. दर लग्नकार्यात जावांच्या हातात गोट असत आणि तिच्या हातात काचेच्या बांगड्यांबरोबर दोन पाटल्या. हे मला माहीत होतं. तरी मी बकरी म्हणालो.

मुलगा माझ्यामागे बाल्कनीत आला. इतका चिडलेला मी त्याला पाहिला नव्हता. "बाबा, गोट म्हणजे बकरी नाही. तुम्हाला माहीत नाही तर बोलता कशाला?" मग त्याने सांगितलं ते मी नंतर स्वतः शोधून पडताळलं. सवय आहे. हे चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं लघुरूप आहे, ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम, म्हणजे आजवरच्या सगळ्यांत थोर. मुष्टियोद्धा महंमद अली स्वतःला 'द ग्रेटेस्ट' म्हणवून घ्यायचा. त्याच्या पत्नीने 1992 मध्ये त्याच्या नावाच्या हक्कांसाठी काढलेल्या कंपनीचं नाव याच आद्याक्षरांचं होतं. 2000 मध्ये एल. एल. कूल जे या रॅप गायकाने अल्बमला ते नाव दिलं, आणि 2018 मध्ये मेरियम-वेबस्टरने शब्दकोशात घेतलं. गंमत म्हणजे त्याआधी अमेरिकन खेळांच्या बातम्यांत हाच शब्द उलट्या अर्थाने चाले. ज्याच्यामुळे सामना हरला, तो गोट. म्हणजे माझा 'बरोबर' अर्थ निदान तीस वर्षं मागे होता आणि या प्रसंगी साफ चुकीचा होता. 'नो कॅप' म्हणजे थाप नाही, खरंच सांगतो. हा प्रयोग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून आला, आणि 2017 च्या एका रॅप गाण्याच्या नावात आहे. त्याची लोकांत चालणारी एक व्युत्पत्तीही सांगतात: दातांवर सोन्याची टोपी चढवलेली नाही, दातच सोन्याचे आहेत. ती खरी असो नसो, फिरून सोन्यापाशीच आली.

आता आईने काय केलं ते बघा. वय झालं की कानाला आधी वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. स, फ, त, क, प यांसारख्या व्यंजनांच्या कडा झिजतात. स्वर बऱ्यापैकी पोचतात. म्हणून म्हाताऱ्या माणसांना "आवाज येतो, शब्द कळत नाही" असं होतं, आणि कळत नाही ती जागा मन भरून काढतं. भरताना ते ओळखीच्याच वस्तू वापरतं. 'गोट' आईला स्वच्छ ऐकू आला, कारण तो जसाच्या तसा मराठी शब्द आहे. एकदा गोट आला की त्याच्या शेजारी टोपी कशी येईल? 'कॅ'मधला स्वर तिच्या पिढीच्या तोंडी रुळलेला नाही, बँकेला ती अजून ब्यांक म्हणते. तेव्हा 'कॅप'चा 'काप' झाला आणि 'नो'चा 'नि'. दोन अक्षरं हलली आणि वाक्य उभं राहिलं.

या चुकीला भाषाशास्त्रात जागा आहे, आणि मी ती पुस्तकात वाचली होती, फक्त घरात ओळखली नव्हती. आपल्याकडे लोकव्युत्पत्ती म्हणतात. ब्रिटिश लष्करातला पहारेकरी अंधारात 'हू कम्स देअर' असं दरडावायचा. देशी शिपायाच्या कानाला त्यातलं काही ओळखीचं नव्हतं. हुकूम ओळखीचा होता, 'दार' ओळखीचं होतं. त्यातून 'हुकुमदार' तयार झाला आणि तो आवाज दिल्यावर समोरचा माणूस थांबायचा तो थांबायचाच. इंग्रजीत अशा चुकांना 2003 पासून एक लाडकं नाव आहे, एगकॉर्न. 'एकॉर्न', म्हणजे ओकचं फळ, एक बाई 'एग कॉर्न' असं लिहायची. फळ अंड्याच्या आकाराचं, म्हणून तिला ते पटलेलं. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी त्यावरून हे नाव सुचवलं. साध्या ऐकण्याच्या चुकीत आणि एगकॉर्नमध्ये फरक इतकाच की एगकॉर्नमध्ये आवाज चुकतो, पण अर्थ जागेवर राहतो, कधी तर जास्तच घट्ट बसतो.

माझ्या व्यवसायात ही कसोटी रोज लागते. चुकलेला शब्द वाक्याचा अर्थ फिरवतो का? फिरवत असेल तर लाल शाई. नाहीतर आधी लेखकाला विचारायचं. केळवणाच्या दिवशी आईच्या वाक्याला ही कसोटी लावली असती तर काय दिसलं असतं? पोरगा म्हणाला, तू सगळ्यांत भारी, आणि खोटं नाही सांगत. आईला ऐकू आलं, तू अस्सल सोनं. अर्थ फिरलाच नव्हता. तो फिरवला मी.

तोवर मी मानत होतो की शब्द बिघडतात ते बेफिकिरीने, आणि पोरांची बोली हे त्याचंच एक टोक. आता तसं म्हणवत नाही. पोरांची सगळीच भाषा मला आवडू लागली असं मुळीच नाही. 'ब्रो'ने सुरू होणारं वाक्य अजूनही डोक्यात जातं. पण शब्द घरात शिरतो तो असा, कुणीतरी त्याला आपल्या ओळखीच्या कोनाड्यात बसवतो म्हणून. तो कोनाडा कुठला, हे मला विचारून ठरत नाही.

चार दिवसांनी मी एक प्रयोग करून पाहिला. आईला यंत्र लावायला सांगितलं आणि मुलाला तेच वाक्य सावकाश म्हणायला लावलं. तो म्हणाला, "नो... कॅप." आई म्हणाली, "तेच की. नि काप." मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही.

पुतणीच्या लग्नापर्यंत तो शब्द घरभर झाला होता. कौटुंबिक ग्रुपवर मामीने मसालेभाताच्या फोटोखाली लिहिलं, "आज काप-गोट जमलाय." मुलाच्या मित्रांनी उचलला, त्यांच्यात एखादा सिक्सर काप-गोट असतो. मध्ये जोडरेघ असावी की नसावी यावर मी रात्री बराच विचार केला, हेही सांगून टाकतो.

परवा पुन्हा कॅरम मांडला होता. गुण मी लिहीत होतो. आईने कोपऱ्यात अडकलेली काळी, पांढरीला न हलवता, कट मारून घेतली. मी न राहवून म्हणालो, "आई, काप-गोट!"

तिने स्ट्रायकर जागेवर ठेवला, बोट टेकवलं आणि मान वर न करता म्हणाली, "तू नको बोलूस. तू बकरी म्हणालास."