देवमासा गातो कुणासाठी?

बर्म्युडा बेटाजवळ अमेरिकी नौदलासाठी पाण्याखालचे आवाज टिपत बसलेले अभियंते फ्रँक वॉटलिंग्टन यांच्या टेपवर कण्हल्यासारखे, किंचाळल्यासारखे आवाज उमटत होते. हे हंपबॅक देवमासे आहेत हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे त्या टेप रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांच्या हाती आल्या. आवाजांचे आलेख कागदावर मांडल्यावर दिसलं, की हे नुसतं ओरडणं नाही. ठरावीक स्वरांचा तुकडा, तोच काही वेळा घोळवलेला, मग दुसरा तुकडा, मग तिसरा, तेही ठरल्या क्रमानं. दहावीस मिनिटांनी सगळं संपतं आणि पहिल्यापासून सुरू होतं. १९७१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि त्याला सरळ ‘गाणं’ म्हटलं.

गातात ते फक्त नर, मुख्यतः विणीच्या हंगामात. डोकं खाली, शेपूट वर असा एकटाच पाण्यात टांगल्यासारखा थांबून नर तासन् तास गातो. मध्येच श्वासासाठी वर येतो, पण गाणं तोडत नाही.

नर गातो, तेही विणीच्या काळात, म्हणजे माद्यांसाठीच, हा तर्क कुणालाही सुचेल. मलाही तो बराच काळ पुरेसा वाटायचा. पण समुद्रात पाहणाऱ्यांना गाणाऱ्याकडे मादी ओढली जाताना क्वचितच दिसते. येतो तो बहुतेकदा दुसरा नर. तो आला की गाणं थांबतं, दोघं थोडा वेळ सोबत पोहतात, कधी झटापट होते, आणि पाहुणा निघून जातो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरची नोंद तर आणखी बोलकी आहे. शिकार थांबल्यावर तिथले हंपबॅक १९९७ मध्ये सुमारे ३,७०० होते, ते २०१५ पर्यंत २७,००० झाले. गर्दी वाढली तसं गाणाऱ्या नरांचं प्रमाण घटत गेलं. न गाता मादीच्या मागे लागणारे, प्रसंगी भांडणारे नर वाढले, आणि मादीजवळ पोचण्यात तेच सरस ठरले. गाणं दूरवर जातं, पण प्रतिस्पर्ध्यांनाही आपला ठावठिकाणा सांगतं. दाटीवाटीत तो तोट्याचा व्यवहार होतो.

याच किनाऱ्यावर १९९६ साली एक गंमत घडली. एका कळपातले सगळे नर एका वेळी एकच गाणं गातात आणि त्यात दरवर्षी सगळे मिळून थोडाथोडा बदल करतात, हे तोवर ठाऊक होतं. त्या वर्षी ध्वनिमुद्रित केलेल्या ८२ गायकांपैकी दोघं भलतंच गाणं गात होते. ते होतं पश्चिम किनाऱ्यावरचं. बहुधा मूठभर नर खंडाला वळसा घालून आले असावेत. दोन वर्षांत पूर्वेच्या साऱ्या नरांनी जुनं गाणं सोडून हे उचललं. यंदाच्या गणपतीत एका मांडवात वाजलेलं गाणं पुढच्या वर्षी गावातल्या प्रत्येक मांडवात वाजावं, तसं. पुढच्या अभ्यासांत तर गाणी ऑस्ट्रेलियाकडून पूर्वेकडे बेटाबेटांनी सरकत फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत पोचताना दिसली.

आता अर्थाचं काय? शब्दाला अर्थ असतो तेव्हा तो असा दोन वर्षांत टाकून देता येत नाही. बोलणंच बंद पडेल. सगळा कळप जुने तुकडे टाकून नवे उचलतो आणि तरी त्याचं काही अडत नाही, याचा अर्थ एकेका तुकड्यात निरोप नसावा. २०२५ मध्ये न्यू कॅलेडोनियाजवळच्या आठ वर्षांच्या गाण्यांवरचं एक संशोधन आलं. तान्ही मुलं अखंड बोलण्यातून शब्द सुटे करतात, त्याच युक्तीनं गाण्याचे तुकडे पाडले, तर त्यांच्या वापराचं गणित माणसाच्या भाषेसारखं निघालं: थोडे तुकडे वारंवार, बाकीचे बरेच क्वचित. बातम्यांनी लगेच ‘देवमाशांची भाषा’ म्हणून टाकलं. संशोधक मात्र सावध होते. एकमेकांकडून ऐकून शिकायच्या गोष्टीला शिकायला सोपी घडण येते, एवढंच त्यातून दिसतं. मला हेच पटतं. ‘मी इथे आहे, नर आहे, आणि या घडीचं गाणं मला येतं’ यापलीकडे त्या गाण्यात मजकूर असेल असं मला वाटत नाही.

पण ऐकून शिकायचं तर शिकवणारा शेजारी हवा. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक स्थलांतर करत नाहीत. हजारो वर्षांपासून इतरांपासून तुटलेले आहेत. ओमानजवळ टिपलेलं त्यांचं गाणं दक्षिणेकडच्या कळपांहून वेगळं आहे. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ बेकायदा शिकार करून यांतले २४२ मारले. आज ओमानच्या किनाऱ्याजवळ शंभरही उरले नसावेत, असा अंदाज आहे.