भिंतीचा लोणा की नळाची गळती?



तळमजल्यावर राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या भिंतीला खाली पांढरा भुसा सुटतो, रंगाला फुगे येतात. कोणी म्हणतं लोणा लागलाय, कोणी म्हणतं पाइप फुटलाय. प्लंबरला बोलावलं की तो आधी फरशी फोडायची भाषा करतो. फोडण्यापूर्वी भिंत काय सांगते ते नीट पाहावं.

पहिला प्रश्न आपल्या घरात हमखास येतो, तो म्हणजे हा पांढरा थर बुरशी तर नाही? बुरशी म्हणजे जीवराशी, तिच्यावर झाडू चालवायला हात धजत नाही. थोडा भुसा खाली कागदावर पडलेला असतोच, त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. विरघळला तर क्षार आहे. तसाच तंतूंसारखा राहिला, कुबट वास आला, काळे-हिरवे ठिपके दिसले, तर बुरशी समजावी.

क्षार ठरला तरी पाणी कुठून येतंय हे कळायचं राहतंच. विटांतून आणि गिलाव्यातून वर चढणारं पाणी क्षार बरोबर आणतं, पृष्ठभागावर वाळतं आणि क्षार मागे ठेवून जातं. जमिनीतली ओल असेल तर डाग भिंतीच्या लांबीभर आडवा पट्टा होऊन पसरतो, साधारण तीन फुटांच्या आत थांबतो आणि त्याच्या वरच्या काठावर पांढरी रेघ उमटते. नळाची गळती असा पट्टा करत नाही. तिचा एकाच जागी गोल किंवा पंख्यासारखा डाग होतो, मध्ये ओला गच्च आणि क्षार असलाच तर कडेला. तो कितीही उंचीवर असू शकतो आणि भर उन्हाळ्यातही वाळत नाही.

माझ्या जाऊबाईंच्या घरी गेल्या वर्षी दोन्ही एकदम होतं, म्हणूनच सगळे गोंधळले. जुनं विटांचं घर. देवघराच्या बाहेरच्या भिंतीला अडीच फुटांपर्यंत सलग पट्टा आणि न्हाणीघराला लागून असलेल्या कोपऱ्यात चार फुटांवर एक डाग. "अगं, एकच ओल आहे, कोपऱ्यात जास्त चढलीय," असं त्या म्हणायच्या. मला ते पटेना, कारण मधल्या भागात पट्टा अडीच फुटांच्या वर कुठेच गेला नव्हता.

आम्ही दोन्ही डागांच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली. रात्री मोटार बंद, टाकीत येणारं पाणी बंद, घरातले सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याची खूण केली. सकाळी पाणी चार बोटं उतरलं होतं. दुसऱ्या रात्री न्हाणीघराचा कॉक बंद करून तेच केलं, तेव्हा पाणी जागचं हललं नाही. म्हणजे गळती न्हाणीघराच्या लाइनमध्ये. आपण पाणी गाळून वापरतो आणि इकडे रात्रभर ते भिंतीत मुरत होतं! तिथल्या दोन टाइल्स काढल्यावर गरम पाण्याच्या पाइपचा एल्बो गळताना दिसला. (ही परीक्षा नळाच्या लाइनचीच. सांडपाण्याची गळती तपासायची तर मोरीचं तोंड कापडाने बंद करून इंचभर पाणी साठवावं आणि एक दिवस भिंतीकडे लक्ष ठेवावं.)

एल्बो बदलल्यावर कोपऱ्यातला डाग हळूहळू रेघेच्या आत आक्रसला. पट्टा मात्र तसाच होता. त्याचं कारण बाहेर होतं. गल्लीत नवे पेव्हर बसवताना माती आणि ब्लॉक जोत्याच्या वर आले होते आणि पावसाचं पाणी थेट विटांना लागत होतं. भिंतीलगतची माती काढून जमीन जोत्यापासून सहा इंच खाली नेली, उतार बाहेरच्या बाजूला दिला.

त्यावर तेलरंग किंवा सिमेंटचा गिलावा मारायची घाई करू नका. आतली ओल कोंडते आणि आणखी वर चढते. क्षार कोरड्या, मऊ ब्रशने झाडावा, ओल्या फडक्याने पुसू नये. पुसला की तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. भिंत वाळायला दर इंच जाडीला साधारण महिना धरतात, म्हणजे चौदा इंची भिंतीला वर्ष उलटतं. मग क्षार भिनलेला गिलावा काढून चुन्याचा नवा द्यावा. जुना गिलावा ठेवला तर त्यातले क्षार पावसाळ्यातल्या दमट हवेतूनच ओलावा शोषतात आणि पाणी कुठूनही येत नसताना भिंत ओली दिसते.

जाऊबाईंनी गिलाव्याचं काम यंदाच्या चातुर्मासानंतर ठेवलंय. तोवर देवघराचा पाट भिंतीपासून हातभर पुढे सरकवलाय.