पांढऱ्या सदऱ्यावरचा पिवळा डाग

पांढऱ्या कपड्यावरचा पिवळा डाग पाहिला की आपल्या घरांत पहिला संशय हळदीवर जातो. देवपूजेला किंवा प्रतिक्रमणाला बसणाऱ्याच्या सदऱ्यावर तो असेल, तर दुसरा संशय केशर-चंदनावर. तिसरे एक कारण मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही, ते म्हणजे गंज. हे तिन्ही डाग छायाचित्रात जवळजवळ सारखे दिसतात, पण त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत. इतकेच नव्हे, तर एकाचा उपाय दुसऱ्याचा अपाय ठरतो.

भाद्रपदातील पर्वाच्या तोंडावर माझ्या पुतण्याने मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले. कपाटातून काढलेल्या पांढऱ्या सुती सदऱ्यावर नारिंगीकडे झुकणारा पिवळा डाग होता. सोबत लिहिले होते, "काका, हा सदरा शेवटचा एका लग्नाच्या जेवणाला घातला होता. हळदच असणार. पांढऱ्या कपड्यांचे ब्लीच आणले आहे, आज रात्रीच भिजत घालू का?" मी त्याला उत्तर पाठवले, "आज काहीही घालू नकोस. उद्या उजेडात आणखी तीन फोटो काढून पाठव."

बँकेत झेरॉक्स प्रतीवरून सही पडताळून पाहण्याची पद्धत नव्हती, मूळ कागद मागवावा लागे. छायाचित्राचेही तसेच असते. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत पांढरे कापडही पिवळसर दिसते आणि कॅमेरा आपल्या मताप्रमाणे रंग बदलतो. म्हणून मी त्याला सांगितले, की खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, डागाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो काढ. कागद पांढरा दिसला तर डागाचा रंगही खरा मानता येतो. दुसरा फोटो कापड उलटून आतल्या बाजूचा आणि तिसरा अख्ख्या सदऱ्याचा हवा होता.

निकाल या तिसऱ्या फोटोने लावला. पहिले छायाचित्र इतके जवळून काढलेले होते, की डाग सदऱ्यावर नेमका कोठे आहे ते कळतच नव्हते. पूर्ण सदरा पाहिल्यावर दिसले, की डाग एक नसून दोन आहेत. डाव्या व उजव्या खांद्यावर, शिवणीच्या जवळ, चार-पाच सेंटिमीटर लांबीच्या दोन बारीक रेषा होत्या, एकमेकींच्या समोरासमोर. जेवताना सांडलेली आमटी छातीवर, पोटावर किंवा बाहीच्या टोकाशी पडते. दोन्ही खांद्यांवर सारख्या अंतराने पडत नाही. आतल्या बाजूच्या फोटोत तर रंग बाहेरच्यापेक्षा गडद होता, म्हणजे डाग आतून बाहेर आला होता. मी विचारले, "सदरा कशावर टांगला होतास?" उत्तर आले, "तारेच्या हँगरवर. पावसाळाभर कपाटातच होता." पावसाळ्यातील दमट हवेने हँगरवरचा लेप जेथे उडाला होता तेथे तार गंजली होती आणि तो गंज सुतात उतरला होता.

तरीही अनुमानावर न थांबता मी एक सोपी चाचणी करायला सांगितली. धुण्याचा सोडा चिमूटभर घेऊन दोन चमचे पाण्यात विरघळवायचा आणि कापसाच्या बोळ्याने त्याचा थेंब डागाच्या एका टोकाला लावायचा. हळदीतील पिवळे द्रव्य क्षाराच्या संपर्कात येताच लालसर होते. साबणाने धुताना हळदीचा डाग एकदम तांबडा दिसतो तो यामुळेच. गंजावर सोड्याचा असा परिणाम होत नाही. पुतण्याच्या डागाचा रंग मुळीच बदलला नाही. मग ती जागा स्वच्छ पाण्याने धुऊन तेथे लिंबाचा रस लावायला सांगितले. अर्ध्या तासाने ते टोक स्पष्टपणे फिके पडले होते. गंज म्हणजे लोहाचे ऑक्साइड. ते पाण्यात किंवा साबणात विरघळत नाही, पण आम्लात विरघळते.

आता ब्लीच का नको, हे सांगतो. ब्लीच रंगद्रव्याचे रेणू मोडून त्याचा रंग घालवते. गंजात मोडण्यासारखे रंगद्रव्य नसतेच, त्यामुळे डाग तसाच राहतो, कधी अधिक गडदही होतो. शिवाय कापडात लोह असताना ब्लीच वापरले, तर त्या जागी सुताचे धागे झपाट्याने कमजोर होतात आणि काही धुण्यांनंतर नेमके तेथेच भोक पडते.

उपाय असा केला. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एक सपाट चमचा घेऊन अर्धा कप कोमट पाण्यात विरघळवले. आधी सदऱ्याच्या खालच्या दुमडीवर लावून कापडाला काही होत नाही ना, ते पाहिले. मग दोन्ही रेषांवर ते पाणी लावून अर्धा तास ठेवले. मधे जागा कोरडी पडू न देता पुन्हा ओली केली. नंतर भरपूर पाण्याने धुतले. पहिल्या खेपेला डाग निम्म्याने गेला, तिसऱ्या खेपेला केवळ फिकट सावली उरली. शेवटी नेहमीच्या साबणाने धुऊन सदरा वाळवला. प्रत्येक खेपेनंतर आम्ल पूर्ण धुऊन काढणे आवश्यक आहे. आम्ल आणि क्लोरिनचे ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू निघतो, म्हणून ही दोन्ही एकाच बादलीत कधीही येऊ देऊ नयेत.

गंज जुना असेल तर लिंबूसत्व पुरे पडत नाही. धोबी अशा वेळी ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. ते प्रभावी आहे, पण विषारीही आहे. घरात लहान मुले असतील तर ते आणू नये, सदरा धोब्याकडेच द्यावा. रेशमी किंवा रंगीत कापडावर यांतले काहीही परस्पर करून पाहू नये.

तोच डाग सोड्याने लाल झाला असता, तर मार्ग निराळा होता. आमटीच्या हळदीबरोबर तेल असते, म्हणून आधी भांडी घासण्याच्या द्रव साबणाने तेल काढायचे, मग गार पाण्याने धुऊन सदरा ओला असतानाच उन्हात टाकायचा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा ओला करून उन्हात ठेवला की सुती कापडावरचा डाग बहुधा निघतो. केशराचा रंग पाण्यात विरघळणारा असल्यामुळे तेथे सुरुवात गार पाण्यानेच करावी. चंदनाचा लेप मात्र आधी सुकू द्यावा आणि मऊ ब्रशने झटकावा. तिन्ही डागांना एक नियम सारखा लागू आहे. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने तो कापडात अधिक पक्का बसतो.

पुतण्याच्या कपाटातील तारेचे सगळे हँगर आता गेले आहेत. ज्यांना ते टाकवत नाहीत त्यांनी निदान खांद्याच्या भागावर जुन्या धोतराची पट्टी घट्ट गुंडाळावी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ती उलगडून पाहावी. पट्टीवर तांबूस रेघ उमटली, की तो हँगर कपाटाबाहेर काढण्याची वेळ झाली.