दुसऱ्याचं कर्ज, आमच्या नावावर

भाच्याचं ट्रॅक्टरचं कर्ज निपाणीच्या शाखेत अडलं. साहेबांनी सिबिलचा अहवाल पुढं ठेवला. त्यात 2017 सालचं दुचाकीचं कर्ज होतं, थकीत 38,640 रुपये, आणि शेरा Written-off, म्हणजे बुडीत खाती टाकलेलं. भाचा म्हणतो, "मामा, मी गाडी घेतली ती रोखीनं. हप्त्यावर कवाच घेतली न्हाई."

*

रात्री अहवाल ओळीओळीनं वाचला. कर्जाच्या ओळीत वित्तसंस्थेचं नाव आणि खातेक्रमांकाचे काही आकडे आहेत. वरच्या ओळखीच्या भागात एक अनोळखी मोबाइल नंबर आणि चिकोडीकडच्या एका गावाचा पत्ता. हा नंबर आमच्या घरात कुणाचाच नाही. तिथंच खात्री पटली की दोन माणसं एकत्र झाली आहेत.

*

असं का होतं? पॅन क्रमांक नोंदलेला असला तर गोंधळाला जागा कमी. जुन्या छोट्या कर्जाला तो नसला तर नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांवरून जुळणी होते. आमच्या भागात त्याच नाव-आडनावाची माणसं गावोगाव आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली 1 जून ही जन्मतारीख निम्म्या गावाची. त्यातून एकाचं नाव कन्नड कागदावरून इंग्रजीत गेलेलं, बापाचं फक्त आद्याक्षर. दुसऱ्याचं कोल्हापूरच्या दाखल्यावरून, पूर्ण नावानिशी. यंत्राला ही दोन माणसं वेगळी दिसावीत तरी कशी!

*

वित्तसंस्थेच्या वसुलीवाल्याचा फोन. "दहा हजार भरा, विषय मिटवतो." भाच्याची तयारी झाली होती, मी थांबवलं. पैसे भरणं म्हणजे कर्ज आपलं होतं असं मान्य करणं. शिवाय शेरा पुसला जात नाही, Written-off च्या जागी Settled येतं. पुढचा बँकवाला त्याचा अर्थ 'पूर्ण फेडलं नाही, तडजोड केली' असाच घेतो.

*

पत्र लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात 'थकबाकी चुकीची आहे' असं लिहिलं होतं, ते खोडलं. त्यावरून कर्ज आहे, फक्त रक्कम चुकली, असा अर्थ निघतो. मग लिहिलं:

"हे कर्ज मी घेतलेलं नाही. कर्जाचा अर्ज, करार, अर्जदाराचा फोटो, सही, ओळखपत्र आणि वाहनाचा नोंदणी क्रमांक यांच्या प्रती द्याव्यात. त्या माझ्या सोबत जोडलेल्या पॅन, आधार व सहीशी जुळत नसतील तर हे खातं माझ्या नावावरून पूर्ण काढावं आणि तशी दुरुस्ती चारही पतमाहिती कंपन्यांना कळवावी."

नोंदणी क्रमांक मुद्दाम मागितला. गाडीच्या पुस्तकावर मालकाबरोबर बापाचं नावही असतं.

चार कंपन्या म्हणजे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

*

शाखेतला माणूस भला आहे, पण नोंद त्याच्या हातात नाही. पत्र वित्तसंस्थेच्या मुख्य कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला इंग्रजीतून, स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं पाठवलं. भाच्याला आधी मराठीत समजावून सांगितलं, सही त्याची आहे. त्याच दिवशी, 4 फेब्रुवारी 2025 ला, सिबिलकडंही वाद नोंदवला. कंपनी स्वतःहून ओळ खोडत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते. म्हणून दोन्हीकडं लिहावं लागतं.

*

दिवस मोजायची वही वेगळी केली. रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे: तक्रारीपासून 30 दिवसांत निकाल नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. त्यातले पहिले 21 दिवस कर्ज देणाऱ्यानं दुरुस्ती पाठवायला. त्यानं वेळेत पाठवूनही अहवाल सुधारला नाही तर भरपाई पतमाहिती कंपनीनं द्यायची. आमचे 21 दिवस 25 फेब्रुवारीला संपले, 30 दिवस 6 मार्चला. 7 मार्चला दुसरं पत्र टाकलं. त्यात ह्या तारखा लिहिल्या, भाच्याचा बँक खातेक्रमांक दिला आणि पुढं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाणार असल्याचं कळवलं. त्यासाठीचं संकेतस्थळ cms.rbi.org.in, तिथं जाण्याआधी संस्थेकडं लेखी तक्रार केलेली असावी लागते, आणि उत्तर आलं नसेल तर 30 दिवस वाट पाहिलेली.

*

18 मार्च. संस्थेचं उत्तर: कागदपत्रं जुळत नाहीत, खातं काढलं. सिबिलमधली ओळ त्याच दिवशी गेलेली. 12 दिवसांचे 1,200 रुपये त्याच आठवड्यात जमा झाले. भाचा पैशापेक्षा उत्तराच्या कागदाकडं बघत राहिला.

*

बाकीचे तीन अहवाल काढले. एकात ती ओळ अजून आहे. उत्तराची प्रत जोडून त्या कंपनीकडं वाद नोंदवला. आणि सिबिलच्या ओळखीच्या भागात तो अनोळखी मोबाइल नंबर तसाच आहे. तो राहिला तर पुढं पुन्हा दोन माणसं जोडली जायची. त्यासाठी वेगळी तक्रार उद्या सकाळी.